एकची घंटा आणि फर्मागुडीचा उतार

दुपारचा एक वाजला की गोव्यात दुकानांची शटरं खाली येतात. फोंड्याच्या बाजारातला कोलाहल बसतो, आणि जेवून आडवं होण्याच्या एकाच विचाराने सगळी माणसं घराकडे वळतात. नेमकी त्याच वेळी शाळेची घंटा होते. ही वेळ ठरवणाऱ्याच्या घरात तेव्हा आठ महिन्यांचं बाळ नसावं, एवढंच मी म्हणते.

मोठं मूल बालवाडीत असतं तोवर गणित सोपं असतं. ते बाराला सुटतं, आणि तेव्हा बाळ दोन झोपांच्या मधल्या टवटवीत वेळेत असतं. मूल पहिलीत गेलं की घंटा तासाने पुढे सरकते आणि बाळाच्या पेंगेवर येऊन बसते.

सात-आठ महिन्यांचं बाळ बहुधा दिवसातून दोनदा निजतं, आणि एका झोपेतून उठल्यावर अडीच ते तीन तास नीट जागं राहतं. त्याहून लवकर निजवायला गेलात तर ते खेळतं. उशीर केलात तर ते रडतं, आणि रडून दमलं तरी झोपत नाही. म्हणून हिशेब सकाळपासून पुढे करण्यात अर्थ नाही. तो शाळेच्या घंटेपासून मागे करायचा.

समजा घर म्हार्दोळला आणि शाळा फोंड्यात. सुटी १ ला. पोरांच्या गर्दीतून दप्तर, पाण्याची बाटली आणि त्यांचा मालक असे तिन्ही ऐवज गोळा करून घरी पोचायला १.२५ होतात. बाळ १.३५ ला अंथरुणावर हवं. तीन तास मागे गेलं की सकाळची झोप १०.३० च्या सुमारास संपायला हवी, म्हणजे ती ९.१५ ला सुरू व्हावी. त्याआधी पावणेतीन तास मोजले की उठण्याची वेळ येते ६.३०. ती पाळायला गजर लागत नाही. पदेर सायकलवरून पाव घेऊन येतो आणि भोंगा वाजवतो, तेवढं पुरतं. आठची शाळा गाठून सव्वाआठला परत येईपर्यंत बाळाला झोप आलेली नसते, त्यामुळे सकाळची फेरी निर्धोक. बाळ पाचलाच उठून बसलं असेल तर मात्र परतताना डुलकी ठरलेली.

कागदावर हे इतकं सुबक दिसतं की चौकटीत लावून भिंतीवर टांगावं. ते मोडतं फर्मागुडीच्या उतारावर.

दुपारच्या फेरीत बाळाचा जागं राहण्याचा शेवटचा अर्धा तास चालू असतो. इंजिनाची घरघर, एसीचा गारवा आणि सीटचा झोका एकत्र आले की फोंड्यातून चढ चढेपर्यंत डोळे जड होतात आणि उतार लागला की मिटतात. घर येतं, हँडब्रेक ओढला जातो आणि ते उघडतात. झोप झाली आठ मिनिटं. पण दिवसभर साचलेली पेंग उतरवायला आठ मिनिटं पुरतात. अंथरुणावर ठेवलं की बाळ पाय हवेत मारत हसतं आणि आपल्याला वाटतं, अरे वा, आज दमलंच नाही! चाळीस मिनिटांनी ते डोळे चोळत किंचाळायला लागतं, तेव्हा आपण ताटावर बसलेलो असतो आणि हुमणातली बांगड्याची तुकडी नुकतीच हाती आलेली असते.

म्हणून सगळी ताकद त्या वीस मिनिटांवर लावायची. निघण्याआधी दूध पाजायचं नाही. भरल्या पोटी गाडीत बसलेलं बाळ झोपणारच. १२ वाजता पेज किंवा नाचणीचं सत्त्व भरवायचं आणि दूध घरी पोचल्यावर द्यायचं. शाळेपाशी दहा मिनिटं आधी पोचायचं, पण गाडीत बसून राहायचं नाही. बाळाला सीटमधून काढून फाटकाजवळच्या झाडाखाली कडेवर घ्यायचं. शंभर पोरं आरडत बाहेर पडतात, तेवढी करमणूक एकाही खेळण्यात नाही. परतताना एसी बंद, काचा खाली, आणि मोठ्याला मागे बाळाशेजारी बसवायचं. त्याचं काम एकच, पाय गुदगुल्या करत गात राहायचं. हे काम तो जीव लावून करतो. अडचण इतकीच की बाळ झोपलं तर ते कळवायलाही तोच असतो आणि “आई, बाय झोपली!” ही बातमी तो अशा आवाजात देतो की ती खोटी ठरते.

एवढं करूनही डोळे मिटलेच, तर घरी पोचून लगेच निजवायची कुस्ती खेळू नये. तिच्यात आजवर मोठं माणूस जिंकलेलं नाही. तासाभराने, अडीचच्या आसपास, खोली अंधारी करून पुन्हा प्रयत्न करावा. काही जण बाळ झोपलेलं राहावं म्हणून गाडी चालवत म्हापशाच्या वाटेला लागतात. मला तो मार्ग पटत नाही. पेट्रोल जळतं आणि मागचा शाळकरी उपाशी ओरडत असतो. शिवाय झोपलेल्या बाळाला घरी पोचल्यावरही सीटमध्येच राहू देऊ नये. तिरक्या सीटवर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. जाग आली तरी चालेल, उचलून सपाट अंथरुणावर ठेवायचं. “पटकन आणते” म्हणून झोपलेल्या बाळाला उन्हातल्या बंद गाडीत ठेवून शाळेत जाणं तर एक मिनिटही नाही.

दुसरा घात सकाळच्या झोपेत होतो. बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण पाऊण तासाचा. फेरा संपून झोप पातळ झालेली असताना नुस्तेंकाराचा भोंगा वाजला किंवा कुकरची शिटी झाली, की सव्वा तासाच्या जागी पाऊण तासच झोप मिळते आणि १० वाजताच डोळे उघडतात. आता १ पर्यंत ताणणं अवघड, फाटकाशीच मान पडणार. अशा दिवशी मी पावणेबाराला मुद्दाम निजवण्याच्या बाजूची आहे. वीस-पंचवीस मिनिटं झोपू द्यायचं आणि सव्वाबाराला आपणच उठवायचं. मग मोठी झोप अडीचला.

इथे आजी आडवी येते. “निजलेलं पोर उठवूं नये गो!” आजी, तुमच्या वेळी पोरं शाळेतून आपली आपण चालत यायची, हे वाक्य मनातच म्हणायचं आणि पडदा सरकवायचा. गदागदा हलवायचं नाही. उजेड आला, पंखा बंद झाला, दरवाजात उभं राहून कोणीतरी बोललं, की दोन-तीन मिनिटांत बाळ आपोआप चुळबुळतं.

जूनमध्ये पाऊस लागला की निघण्याची वेळ दहा मिनिटं अलीकडे घ्यावी. मोठ्याचा रेनकोट शाळेच्या पायरीवर चढवायलाच चार मिनिटं जातात, आणि काचा खाली करायची सोय राहत नाही. पत्र्यावरचा पाऊस तर अंगाईहून भारी. तेव्हा गाण्याचा आवाज वाढवणं एवढंच हाती उरतं. ज्यांच्या शाळेची बालरथ घराजवळ थांबते त्यांनी हा परिच्छेद वाचून आम्हाला हसू नये.

अडीचला निजवलेलं बाळ चारच्या पुढे झोपू दिलं तर रात्री आठला ते टक्क जागं असतं. त्यामुळे चारला उठवायचं. आळस आलाच, तर संध्याकाळचा पदेर आहेच.