आकडा न दाखवणारा सेन्सर

‘साखर मोजायला दंडावर चौदा दिवस लावतात त्या सेन्सरवर आकडा दिसतच नाही. रोज बोट टोचून तेच कळतं, मग तो कशाला?’

आकडा मुद्दाम लपवलेला असतो. तो दिसला की माणूस लगेच भात कमी करतो, आणि डॉक्टरांना तर नेहमीचेच दिवस पाहायचे असतात. फ्रीस्टाइल लिब्रे प्रो नावाचा असा सेन्सर दर 15 मिनिटांनी नोंद ठेवतो, म्हणजे दिवसाला 96, झोपेतल्याही.

समजा, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या आजींची उपाशीपोटी साखर 115 आणि जेवणानंतरची 160 येते. ग्लुकोमीटरवर सगळं छान. सेन्सरच्या आलेखात मात्र अनेक रात्री दोन ते चारच्या दरम्यान साखर हळूहळू 58 पर्यंत उतरलेली दिसते. अशा वेळी डॉक्टर गोळीचा डोस कमी करण्याचा विचार करतात.

पण एखाद्याच रात्री रेघ एकदम कोसळून तशीच वर आली असेल, तर बहुधा सेन्सर लावलेला दंड अंगाखाली दाबला गेलेला असतो, साखर खरोखर उतरलेली नसते. म्हणून जेवण, गोळ्या आणि झोपेच्या वेळा वहीत लिहाच. हा सेन्सर धोक्याची सूचना देत नाही. घाम, थरथर जाणवली तर तेव्हाही बोट टोचूनच तपासायचं.