शंभर रुपयांची अवतरणचिन्हं

आमच्या सोसायटीने परवा माझ्याकडून शंभर रुपये विलंबशुल्क घेतलं. रक्कम किरकोळ आहे हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. सांगणाऱ्यांपैकी भरलेले कुणीच नाहीत.

या महिन्यापासून मेंटेनन्स वेबसाइटवर भरायचा होता. शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, माझा लॅपटॉप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. फोनवर साइट उघडली तर विमानातून शेतं दिसावीत तसं अख्खं पान खाली पसरलेलं. डावीकडे मेन्यू, उजवीकडे गणपती, मध्ये कुठेतरी माझं बिल. अक्षरं मोहरीएवढी. कमिटीचं 'सभासदांना नम्र आवाहन' मात्र चांगलं ठसठशीत दिसत होतं. पान असं आक्रसलं की अँड्रॉइडवरचा क्रोम लांबलचक परिच्छेदांची अक्षरं दया येऊन आपोआप फुगवतो. तक्त्यातल्या सुट्या आकड्यांना ही दया मिळत नाही. त्यामुळे पैसे वेळेवर का भरावेत हे वाचता येत होतं, किती भरावेत ते नाही.

आधी क्रोमच्या तीन टिंबांत जाऊन 'डेस्कटॉप साइट'वर चुकून खूण तर राहिली नाही ना, ते पाहिलं. नव्हती. मग दोन बोटांनी पान ताणलं. रकाना मोठा झाला, पण तो कशाचा ते सांगणारं नाव डावीकडे पडद्याबाहेर गेलं. नाव बघायला तिकडे गेले की रकाना गायब. अशा येरझाऱ्या घालत शेवटी 'पैसे भरा' दाबलं, आणि बोटाखाली शेजारचंही बटण आल्यामुळे माझ्या नावाने 'हरकत क्र. 1' दाखल झाली. तेवढ्यात बारा वाजले.

सकाळी लिफ्टपाशी सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "मॅडम, चाळिशीनंतर नंबर तपासून घ्यावा."

मी बारा वर्षं वेब पानं बनवून पोट भरते. त्यांनी ऑफिसात नेऊन लॅपटॉपवर साइट उघडली, खिडकीची कड माउसने ओढून अरुंद केली, आणि काय सांगू, पान शहाण्या मुलासारखं एका रकान्यात बसलं. साइट बनवणारा त्यांचा भाचा फोनवर होताच. "रिस्पॉन्सिव्ह आहे, मामा, पडद्याप्रमाणे मांडणी बदलते. त्यांच्या फोनचा प्रॉब्लेम असेल."

इथेच तर सगळे फसतात. 2007 साली आयफोन आला तेव्हा जगातली पानं संगणकासाठीच बनलेली होती. ती चिंचोळ्या पडद्यावर चुरगळू नयेत म्हणून त्यातल्या सफारी ब्राउझरने एक खोटं बोलायला सुरुवात केली: माझी रुंदी 980 पिक्सेल आहे. पान तेवढ्या रुंदीवर मांडायचं आणि मग फोटोसारखं लहान करून दाखवायचं. हे खोटं पुढे बाकीच्या फोनांनीही उचललं. माझ्या फोनची खरी रुंदी, पानाच्या हिशेबात, 360. म्हणजे सगळं एक तृतीयांशाहून जरासंच जास्त उरतं आणि 16 ची अक्षरं 6 वर येतात. अरुंद पडद्यासाठीची मांडणी भाच्याने खरंच लिहिली होती, पण फोन 980 चा आव आणून बसल्यावर ती जागी होणार कशी? 'खोटं बोलू नकोस, खरी रुंदी सांग' असं फोनला सांगणारी एक ओळ पानाच्या डोक्यात असावी लागते. लॅपटॉपचा ब्राउझर हे खोटं बोलतच नाही, त्यामुळे ती ओळ असो वा नसो, खिडकी अरुंद करून काही कळत नाही. खऱ्या फोनवरच बघावं लागतं, नाहीतर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये फोनचं सोंग घ्यावं लागतं.

मी तिथेच पानाचा सोर्स उघडला. आणि माझी बोलती बंद झाली. ओळ होती.

"बघा," सेक्रेटरी म्हणाले. त्या 'बघा'ला मी अजून विसरलेले नाही.

कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका पेपर वाचत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, उभी हयात छापखान्यात मुद्रितशोधक. शर्टाच्या खिशात पेन नसतं, भिंग असतं. सोसायटीची कुठलीही नोटीस लागली की तासाभरात तिच्यावर लाल गोल उमटतात. गेल्या वर्षी 'पाणि येणार नाही' या नोटिशीखाली त्यांनी 'अशा पाण्याला न आलेलंच बरं' असं लिहिलं होतं.

"सरक जरा," म्हणत ते आले आणि भिंग थेट लॅपटॉपच्या पडद्याला टेकवलं.

"काका, ते इंग्रजी आहे, कोड आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मला काय करायचंय अर्थाशी? मी आयुष्यभर अर्थ न वाचता वाचत आलोय." भिंग सरकत होतं. "'विलंब शूल्क'. शु ऱ्हस्व. शूळ उठलाय का पोटात?"

"काका, तो मजकूर आहे, आपण वरची ओळ..."

"थांब गं. गॅली सुरू केली की मधून उठत नाही मी." मग चौथ्या ओळीवर भिंग थबकलं. पुढे गेलं, मागे आलं. "या पानावर सगळीकडे अवतरणचिन्हं सरळ आहेत. खिळ्यासारखी. या एकाच ओळीत वळलेली का?"

मी डोळे बारीक केले.

```
<meta name=“viewport” content=“width=device-width, initial-scale=1”>
```

भाच्याने ही ओळ आपल्या वर्डमधल्या टिपणांतून उचलली होती. वर्ड सरळ चिन्हं टाइप होताच ती आपणहून गोंडस वळवून ठेवतं. ब्राउझरला मात्र अशी चिन्हं म्हणजे अवतरण वाटतच नाही, ती नावाचाच भाग वाटतात. त्यामुळे `viewport` नावाची ओळ त्याला मिळाली नाही. कपाळावर शिंगं असलेली कुणी अनोळखी ओळ मिळाली, आणि अनोळखी ओळीकडे तो मुकाट्याने काणाडोळा करतो. चूक दाखवत नाही, तांबडी रेघ नाही, काही नाही. वाण्याच्या दुकानात चुकीच्या नावाने हाक मारली तर निदान 'कोण हवंय?' असं तरी विचारतात.

"म्हणजे शहाणपणा करणारा कंपोझिटर," काका म्हणाले. "असा एक आमच्याकडे होता. न सांगता सुधारायचा."

चार चिन्हं बदलली:

```
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

फोनवर पान ताजं केलं. बिल पडद्यावर अंगभर आलं, बटणं बोटाएवढी झाली, नम्र आवाहन खाली जाऊन पडलं. भाचा फोनवर म्हणाला, "माझ्याकडे आधीपण बरोबरच दिसत होतं."

मी विलंबशुल्काचं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, ते सिस्टिमने लावलंय, मी काय करणार? ज्या सिस्टिमला स्वतःची रुंदी माहीत नव्हती तिला बारा वाजून एक मिनिट झाल्याचं बरं कळलं! मी म्हणाले, लेखी अर्ज देते. ते म्हणाले, साइटवर हरकतीची सोय आहे.

होती खरी. माझी रात्रीचीच पडली होती. 'हरकत क्र. 1. विषय: रिकामा. निकाली.'

शेवटी भरले. पावती आली, ठसठशीत, फोनच्या पूर्ण रुंदीची. 'विलंब शूल्क रु. 100'. काकांना दाखवायला तिसऱ्या मजल्यावर गेले, तर त्यांनी माझ्या फोनच्या काचेवर लाल पेनाने गोल काढला. स्पिरिटने पुसूनही अजून पुसट दिसतोय.