गेटवरची वेळ लिहा, माफी लिहू नका

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. ज्यांच्या घरात परीक्षेला बसणारं कुणी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या शेजारची मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज तिचा पेपर होता, सकाळी दहाचा, केंद्र तालुक्याच्या कॉलेजात. एसटी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. पोरगी वडापने स्टँडपर्यंत आली, तिथून रिक्षाने कॉलेजवर. गेट बंद. शिपाई म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, दहानंतर कुणाला सोडायचं नाही." ती विनवत राहिली, रडली. शेवटी कुणा प्राध्यापकांनी तिला आत घेऊन केंद्रप्रमुखांसमोर उभं केलं तेव्हा १०:४० झाले होते. "अर्धा तास उलटून गेला, आता काही होणार नाही." संपलं.

संध्याकाळी ती मोबाइलवर अर्जाचा फोटो घेऊन माझ्याकडे आली. "काकू, परीक्षा नियंत्रकांना अर्ज दिलाय. माफी मागितलीय. ऐकतील ना?"

अर्ज वाचला आणि माझ्या हाताला कंप सुटला. "मी माझ्या चुकीमुळे १०:४० वाजता केंद्रावर पोहोचले. तरी मला क्षमा करून एक संधी द्यावी ही नम्र विनंती." तिला म्हटलं, हे तुला कुणी सुचवलं? म्हणाली, ऑफिसमधल्या क्लार्कने सांगितलं तसं लिहिलं.

मी परीक्षा विभागात नोकरी करून निवृत्त झालेय, तुम्हाला माहितीच आहे. मला हे नवीन नाही. पण दरवेळी तेवढाच संताप होतो. ज्या केंद्राने मुलीला अडवलं, त्याच केंद्राने तिच्याकडून स्वतःच्या सुटकेचा कागद लिहून घेतला!

कारण तिच्या हॉलतिकिटाच्या मागे सूचना छापलीय : पेपर सुरू झाल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला प्रवेश. म्हणजे साडेदहापर्यंत. आणि पोरगी गेटवर आली होती १०:२० च्या सुमारास. नियमात होती ती! केंद्रप्रमुखांच्या टेबलासमोर ती १०:४० ला आली, कारण मधला वेळ तिला गेटने खाल्ला. गेटवर पोहोचल्याची वेळ आणि ऑफिसात पोहोचल्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि सगळं प्रकरण या दोन वेळांच्या मधल्या वीस मिनिटांत आहे. अर्जात नेमकी चुकीची वेळ गेली.

मला लगेच तो ओढ्यापलीकडच्या गावचा मुलगा आठवला. मी नोकरीत असतानाची गोष्ट. पावसाळा लांबला होता, पुलावर पाणी होतं, पोरगा कमरेपर्यंत भिजून आलेला. आमच्याच गेटला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन शिपाई झेरॉक्सला गेलेला. आत आला तोवर वेळ टळून गेली होती. तो रडला नाही. माझ्या टेबलाशी आला, कोरा कागद मागितला आणि उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या : सव्वादहाला गेटवर आलो, गेटला कुलूप होतं, १०:३५ ला उघडलं, पेपरला बसू दिलं नाही. खाली बैठक क्रमांक, विषय, सही. मग म्हणाला, "मॅडम, शिक्का द्या."

मी दिला. आवक क्रमांक टाकला, तारीख आणि वेळ टाकली, दुसऱ्या प्रतीवर पोच दिली. त्यावरून प्राचार्य माझ्यावर भयंकर चिडले होते. चिडू देत.

आता मला कुणी सांगेल की नियम म्हणजे नियम. अर्ध्या तासाची मर्यादा का आहे ते मला शिकवू नका. पहिल्या अर्ध्या तासात कुणाला वर्गाबाहेर सोडत नाहीत, म्हणून तोवर आलेल्याला बाहेर कुणी पेपर सांगितलेला असू शकत नाही, हा त्यामागचा हिशोब. मोबाइल आल्यापासून तो हिशोब डळमळला हे खरं आहे. पेपरचा फोटो दोन मिनिटांत गावभर होतो. त्यासाठीच बोर्डाने २०२३ पासून दहावी-बारावीला दहा मिनिटं आधी पेपर वाटणं बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी दिली. कडक व्हा, मान्य. पण नियम बदलायचा असेल तर हॉलतिकिटावर छापा. छापील साडेदहा आणि शिपायाच्या तोंडी दहा, हे चालणार नाही.

यूपीएससी, नीटसारख्या परीक्षांचं वेगळं आहे, तेही सांगते. तिथे गेट बंद होण्याची वेळच प्रवेशपत्रावर असते. नीटचा पेपर दुपारी दोनचा, गेट दीडला बंद. जून २०२४ मध्ये यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला छत्रपती संभाजीनगरात काही मुलं मोबाइलच्या नकाशावर विसंबून भलत्याच ठिकाणी गेली, खऱ्या केंद्रावर पोचेपर्यंत गेट बंद. जीव तुटतो, पण तिथे अर्जाला फारसा वाव नसतो. विद्यापीठाच्या परीक्षेत असतो, आणि तो आपणच घालवतो.

घालवतो कसा, तर परीक्षा नियंत्रकाच्या टेबलावर काय जातं ते आपल्याला माहीत नसतं म्हणून. (२०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यापीठात त्यांना संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ म्हणतात. अर्जाच्या माथ्यावर तसंच लिहा, आणि खाली "मार्फत : केंद्रप्रमुख".) त्यांनी तुमचं रडणं पाहिलेलं नसतं. त्यांच्याकडे पर्यवेक्षकाचा अहवाल येतो, त्यात तुमच्या बैठक क्रमांकापुढे गैरहजर. केंद्राचा अहवाल येतो, त्यात "उमेदवार १०:४० ला आली". आणि तुमचा अर्ज येतो, त्यातही १०:४० आणि माफी. तिन्ही कागद एकच सांगतात, मग तो माणूस कितीही मायाळू असला तरी काय करणार? त्याला निर्णय घ्यायला नोंद लागते. केंद्राने नियमात आलेल्या उमेदवाराला अडवलं अशी नोंद समोर असेल तर तो केंद्राकडून खुलासा मागू शकतो, प्रकरण समितीपुढे ठेवू शकतो. दयेवर तो काहीच करू शकत नाही. केलं तर उद्या शंभर जण येतील, हे त्याचं म्हणणं मलाही पटतं.

त्या भिजलेल्या मुलाच्या चार ओळींत माफी नव्हती. पुलाच्या पाण्याचं वर्णनसुद्धा नव्हतं! मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आज कळतं की पूल हे उशिराचं कारण होतं आणि कुलूप हे अडवण्याचं. नियंत्रकाला उशिराच्या कारणाशी फार देणंघेणं नसतं. तुम्ही मर्यादेत आलात का आणि तुम्हाला कुणी, कुठे थांबवलं, एवढंच तो शोधतो.

मग मी पोरीला समोर बसवलं. गेटवर किती वाजता होतीस? "बहुतेक दहा वीस." बहुतेक चालत नाही बाळा, म्हटलं, आठव. एसटीचं तिकीट पर्समध्ये निघालं, त्यावर छापील वेळ आहे, पण ती गाडीत बसल्याची. बाबांना फोन केलेला, १०:२३ ला. तो कुठूनही केलेला असू शकतो असं केंद्रवाले म्हणतील. मग विचारलं, रिक्षाचे पैसे कसे दिलेस? मोबाइलवरून. कुठे उभी राहून? "गेटसमोरच, उतरल्यावर." काढ बघू. तीस रुपये, १०:२१.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा वेळ तिच्या खिशात होतं ते.

रात्री आम्ही दोघींनी नवीन निवेदन लिहिलं. एक पान, जास्त नाही. परीक्षा, विषय, पेपर कोड, बैठक क्रमांक. मग घटना, वेळेच्या क्रमाने : १०:२१ ला गेटसमोर उतरले, गेटवर शिपायांनी थांबवलं, १०:४० ला केंद्रप्रमुखांसमोर नेलं, प्रवेश नाकारला. मग हॉलतिकिटावरची सूचना जशीच्या तशी. सकाळच्या अर्जाचा उल्लेख केलाच, लपवला नाही : त्यातली १०:४० ही केंद्रप्रमुखांसमोर पोहोचल्याची वेळ आहे, गेटवर पोहोचल्याची नाही, आणि त्या अर्जाची पोच मिळालेली नाही. सोबत पैसे दिल्याच्या नोंदीची, तिकिटाची आणि कॉलच्या यादीची प्रत. कारण म्हणून एसटी बिघडल्याचं एकच वाक्य. त्या बिघाडाची नोंद आगारात असते, तिचे बाबा उद्या तिथे अर्ज देतील. मुंबईकरांनो, लोकल उशिरा धावली तर स्टेशन मास्तरांकडून तसा दाखला मिळतो, तो त्याच दिवशी घ्या.

आणि शेवटी मागणी. "संधी द्यावी" एवढंच लिहून भागत नाही. गेटच्या कॅमेऱ्याचं १०:१५ ते १०:४५ चं चित्रण जपून ठेवावं, केंद्राचा लेखी खुलासा घ्यावा, गैरहजर ही नोंद निर्णय होईपर्यंत अंतिम धरू नये आणि या विषयाची परीक्षा देऊ द्यावी. कॅमेऱ्याची मागणी पहिल्याच दिवशी जायला हवी. माहिती अधिकारात मागाल तर उत्तराला ३० दिवसांची मुदत, आणि बऱ्याच ठिकाणी तोवर जुनं चित्रण पुसलं जाऊन त्यावर नवं चढलेलं असतं.

ईमेल रात्रीच गेला, म्हणजे तारीख आजचीच लागली. उद्या सकाळी छापील प्रत घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर कॉलेजात जाणार आहे. पोच देत नाहीत म्हणाले तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट.

होईल का काम? छातीठोक सांगत नाही. त्या मुलाचं झालं होतं. केंद्राकडून खुलासा मागवला गेला आणि एनसीसी कॅम्पला गेलेल्या मुलांसाठी वेगळी परीक्षा होती तिच्यात त्याला बसवलं. पण त्याच्या कागदावर घटना घडली त्याच तासाचा शिक्का होता. हिच्याकडे सकाळचा तो माफीनामा आहे, आणि केंद्र तोच पुढे करणार.

त्या क्लार्कचा राग कमी झालाय लिहितालिहिता. त्यालाही वरून सांगितलं असेल. त्याचीही नोकरी आहे.

पण माझ्या यादीत परीक्षा विभागातली बरीच माणसं आहेत, तुमच्याशी थेट बोलते. पोरं परत पाठवायची वेळ आली तर पाठवा, पण आधी एक कोरा कागद द्या, काय लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि आवक क्रमांक टाकून पोच द्या. गेटवर एक वही ठेवा, दहानंतर येणाऱ्याचं नाव, वेळ आणि सही. आणि तुमच्या कॉलेजात गेटचं चित्रण किती दिवस राहतं ते खाली लिहा, मला उद्या सकाळी निघायच्या आधी हवंय.