बाईंचा कान, बाईंची हनुवटी आणि माझं सरकलेलं टाळकं

फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. पलीकडून थेट प्रश्न, "आमच्या मॅडमचं डोकं कुठे गेलं?" नमस्कार नाही, काही नाही. मी म्हटलं, कुठल्या मॅडम, कुठलं डोकं? तर म्हणे वेबसाइट उघडा. मोबाइलवर उघडली. बॅनरमध्ये भलीमोठी करडी भिंत आणि अगदी उजव्या काठाला एक कान. कानात डूल. एवढंच. संस्थेच्या संस्थापक बाई, आणि पहिल्याच पानावर त्यांचा फक्त कान!

लॅपटॉपवर उघडली तर तिथे वेगळीच तऱ्हा. हनुवटी, ओठ, त्याखाली साडीचा पदर. डोळे, कपाळ, केस सगळं छाटलेलं. म्हणजे दोन स्क्रीन मिळूनही एक अख्खा चेहरा होत नाही.

मूळ फोटो चांगला आहे हो. १६०० बाय १००० पिक्सेल. बाई उजवीकडे उभ्या, डावीकडे मथळ्यासाठी मोकळी भिंत. चेहऱ्याचा मध्य डावीकडून १२०० वर आणि वरून ३०० वर, म्हणजे ७५ टक्के आणि ३० टक्के. चेहरा साधारण २०० रुंद, २६० उंच. फोटोग्राफरने त्याचं काम चोख केलं होतं, माती आम्ही खाल्ली.

आम्ही म्हणजे कोण, तर आमच्यातला तो एक जण, ज्याला प्रत्येक फोटोवर `object-fit: cover` टाकून पुढच्या कामाला जायची सवय आहे. कव्हर म्हणजे फोटो चौकट पूर्ण भरेल इतका मोठा होणार आणि जे उरेल ते कापलं जाणार. कुठून कापायचं ते `object-position` ठरवतं, आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते `50% 50%` धरतं, पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं छाट. बाई फोटोच्या मध्यावर उभ्या असत्या तर कुणाला काही कळलंही नसतं. त्या नाहीत.

बरं, त्याला सांगितलं की बाबा, दुरुस्त कर. दोन तास! दोन तासांनी जाऊन बघतो तर पठ्ठ्याने तीन मीडिया क्वेरी लिहिल्यात, एकात `center top`, दुसरीत `center 10%`, तिसरीत `center 20%`, वर तिन्हींना `!important`. कॅशे साफ करून झाली, सर्व्हर बंद-चालू करून झाला, दुसरा ब्राउझर लावून झाला. आणि चेहऱ्यावर भाव असा की ब्राउझरनेच दगा दिलाय. "सर, आकडा बदलतोय पण फोटो हलतच नाही!"

अरे, हलेल कसा? फोनवरची चौकट ३६० बाय ४८०. ती भरायची तर फोटो ०.४८ पट व्हायला हवा, म्हणजे तो दिसणार ७६८ बाय ४८० असा. उंची बघ. चौकट ४८०, फोटो ४८०. वर-खाली उरलंय काय? शून्य. शून्याचे १० टक्के काढ नाहीतर १०० टक्के, शून्यच येणार. जास्तीचा फोटो आहे तो आडवा, ४०८ पिक्सेल, आणि तिकडे तू तिन्ही ठिकाणी `center` लिहून ठेवलंयस. जो आकडा काम करतो त्याला हात लावायचा नाही आणि जो मेलेला आहे त्याला दोन तास झोडपायचं!

कव्हर असताना एका वेळी दोन आकड्यांपैकी एकच जिवंत असतो. चौकट फोटोपेक्षा उभट असेल तर पहिला, पसरट असेल तर दुसरा. लॅपटॉपवर आमची चौकट १४४० बाय ४००. तिथे फोटो होतो १४४० बाय ९००, आडवं काही उरत नाही, उभे ५०० पिक्सेल उरतात. म्हणून एका जागी कान राहिला आणि दुसऱ्या जागी हनुवटी. गुन्हा एकच, कापायची बाजू वेगळी. डेव्हटूल्समध्ये फोटोवर माउस नेऊन चौकटीचं माप बघ, मूळ फोटोच्या मापाशी ताडून बघ, कुठला आकडा जिवंत आहे ते तिथेच कळतं. पण नाही, माप बघायचं म्हणजे जिवावर येतं.

आता दुसरे शहाणे. हे डिझाइनवाले. त्यांनी फोटोवर टिंब ठेवून मला आकडे पाठवले, चेहरा ७५ आणि ३० वर आहे, तेच टाका, चेहरा मधोमध येईल. नाही येणार! टक्क्यांचा अर्थच तसा नाही. ७५ टक्के म्हणजे फोटोतला ७५ टक्क्यांवरचा बिंदू चौकटीतल्या ७५ टक्क्यांवर नेऊन ठेवणं. हिशोब एवढाच:

```
(360 - 768) × 75% = -306
```

फोटो ३०६ पिक्सेल डावीकडे सरकतो. चेहऱ्याचा मध्य ०.४८ पटीच्या फोटोत ५७६ वर होता, तो आला २७० वर. ३६० चे ७५ टक्के २७०. चेहरा दिसला, पण उजवीकडे. इथपर्यंत चालून गेलं असतं, कारण या पद्धतीत तो बिंदू चौकटीबाहेर कधीच जात नाही. पण बिंदू म्हणजे डोकं नव्हे ना! लॅपटॉपवर ३० टक्के टाकल्यावर चेहऱ्याचा मध्य वरून १२० वर आला. चेहरा तिथे २३४ पिक्सेल उंच, म्हणजे मध्याच्या वर ११७ गेले. कपाळाच्या वर उरले ३ पिक्सेल. तीन! बाई केस वर बांधतात. अंबाडा उडाला. परत फोन. "आता मॅडमचे केस कुठे गेले?"

चेहरा खरोखर मधोमध हवा असेल तर उलटा हिशोब करावा लागतो. फोनवर मध्य ५७६ वरून १८० वर आणायचा, म्हणजे ३९६ सरकवायचं. सरकायला जागा आहे ४०८. ३९६ भागिले ४०८, ९७ टक्के. लॅपटॉपवर मध्य २७० वरून २०० वर, सरकवायचे ७०, जागा ५००, म्हणजे १४ टक्के. आणि फोनवर दुसरा आकडा मेलेला, लॅपटॉपवर पहिला, म्हणून दोघं एकाच ओळीत सुखाने नांदतात:

```css
.banner img {
  width: 100%;
  height: 100%;
  object-fit: cover;
  object-position: 97% 14%;
}
```

एक ओळ. तीन मीडिया क्वेरी आणि तीन `!important` उडाले. मधल्या मापांवर चेहरा अगदी मधोमध राहत नाही, चौरस चौकटीत तो ६२ टक्क्यांवर जातो, पण अख्खा दिसतो. त्यावर मी समाधानी आहे. मला आता कशावरही समाधानी व्हायची तयारी आहे.

मध्येच एकाने पिक्सेलमध्ये आकडे द्यायची टूम काढली. `right 20px top 0`, म्हणे जरा उजवीकडून आत घेऊ. घेतला आत. फोटोची उजवी कडा चौकटीच्या आत २० पिक्सेल आली आणि तिथे मागचा पांढरा रंग उभ्या पट्टीसारखा चमकायला लागला. शंभराच्या वरचे टक्के टाकले तरी असंच भगदाड पडतं. टक्के शून्य ते शंभरात ठेवले तर कव्हरमध्ये फट पडत नाही, एवढी साधी सोय सोडून हे उद्योग कशाला करायचे?

आणि मग तो दुसरा फोटो. त्याच मापाचा. डाव्या टोकाला एक साहेब ३०० वर, उजव्या टोकाला बाई १३५० वर, मध्ये रिकामं टेबल. "दोघंही दिसले पाहिजेत, मोबाइलवरसुद्धा." फोनच्या चौकटीत मूळ फोटोचा किती भाग मावतो? ३६० भागिले ०.४८, ७५० पिक्सेल. दोघांमधलं अंतर १०५०. कुठला आकडा टाकू, सांगा ना! शून्य टाकला तर साहेब, शंभर टाकला तर बाई, पन्नास टाकला तर टेबल. हे मी कागदावर काढून दाखवलं, तरी उत्तर आलं की "थोडं अ‍ॅडजस्ट करून बघा." काय अ‍ॅडजस्ट करू, माणसं ओढून जवळ आणू? एकतर फोनवर चौकट पसरट करा, नाहीतर फोनसाठी वेगळा कापलेला फोटो द्या:

```html
<picture>
  <source media="(max-width: 600px)" srcset="meeting-phone.jpg">
  <img src="meeting.jpg" alt="बैठकीतील दोघे">
</picture>
```

शेवटी दोघं शेजारी उभे असलेला एक फोटो सापडला, तो उभा कापून इथे लावला. त्यातही मेख होतीच. फोटो बदलला तरी `img` वरचं `object-position` तेच राहतं, ते `source` बरोबर बदलत नाही. मी तो कापला चौकटीच्याच प्रमाणात, ७५० बाय १०००, म्हणून त्या फोनवर कापण्यासारखं काही उरलंच नाही आणि निभावलं.

असो. सगळं जागेवर बसलं, रात्री साडेअकराला मी लॅपटॉप बंद केला.

आज सकाळी क्लायंटने स्वतः ॲडमिनमध्ये जाऊन संस्थापक बाईंचा नवा फोटो चढवला. नाव तेच, माप तेच. फक्त या वेळी बाई डावीकडे उभ्या आहेत, ४०० वर. आणि माझे ९७ टक्के कुठे आहेत? स्टाइलशीटमध्ये, `.banner` च्या नावावर. आकडा फोटोचा, लिहिला बॅनरवर. `img` शेजारीच `style` मध्ये लिहून ॲडमिनमध्ये त्याला एक रकाना दिला असता तर फोटोबरोबर आकडाही बदलता आला असता. ही माती मात्र मी स्वतः खाल्लीय, दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता येत नाही.

फोनवर आता कानसुद्धा दिसत नाही. नुसती भिंत. आणि त्यांचा नंबर स्क्रीनवर झळकतोय, तिसऱ्यांदा.