पेटी पॅरिसची की हिंगणघाटची?

आमच्या दर्यापूरकडे पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दोनच कामं सांगतात. एक, भात्याचं भोक बुजवणं. दुसरं, मोबाइलवर फोटो पाठवून ‘पेटी कोनाची हाय’ ते विचारणं. पहिल्या कामाचे पैसे मिळतात.

पूर्णेकाठच्या एका गावातल्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मामाजी म्हणतात, त्यांनी असाच फोटो धाडला. फोटोत मामाजी होते, त्यांचा फेटा होता, मागे ट्रॅक्टर होता, एक बकरी अर्धी आत होती आणि खालच्या कोपऱ्यात, हार घातलेली, पेटी असावी असं काहीतरी होतं. खाली मजकूर : “भाऊ, पॅरिसची हाय. फक्त हो म्हना.”

मी म्हटलं, “मामाजी, हार काढा आणि पेटीचा फोटो धाडा.”

“हार काऊन काढू जी? देवाची पेटी हाय.”

हाराखाली नावाची पट्टी असते, म्हणून. पट्ट्यांच्या वरच्या फळीवर पितळेचा किंवा सेल्युलॉइडचा जो तुकडा ठोकलेला असतो तो. तिच्यावरचं नाव पेटी बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. पुष्कळदा ते विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. म्हणून मी नावापेक्षा पत्ता आधी वाचतो. मामाजींच्या पट्टीवर दुकानाचं नाव घासून गेलं होतं, पण खालची ओळ शाबूत होती : नागपूर, एम. पी.

हे वाचून मामाजींचा पुतण्या मधेच फोनवर आला. पोरगा पुण्यात शिकतो. “काका, ही तर ड्युप्लिकेट आहे. नागपूर महाराष्ट्रात आहे, एवढंही त्या दुकानदाराला माहीत नव्हतं!”

दुकानदाराला माहीत होतं, पुतण्याला नव्हतं. आधी आपला भाग सी. पी. अँड बेरार. १९५० मध्ये त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं आणि राजधानी होती नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे पट्टीवर ‘सी. पी.’ असतं तर मजकूर १९५० च्या आधीचा मानला असता. ‘एम. पी.’ आहे, म्हणजे १९५० ते १९५६ मधला. पत्त्यात पिनकोडही नाही, आणि पिनकोड आला १९७२ मध्ये, तेही जुळतं. एक पळवाट मात्र राहते. दुकानदाराने पट्ट्यांचा गठ्ठा एकदम करून घेतला असेल, तर राज्य बदललं तरी तो गठ्ठा संपेपर्यंत वापरला असणार. आमच्याकडे माणूस जुनी लेटरहेडं संपेपर्यंत नवं राज्य मान्य करत नाही. म्हणून मी ‘१९५० च्या आधीची नाही’ एवढंच ठासून सांगतो, पुढची हद्द जरा सैल ठेवतो.

“म्हंजे नागपूरची हाय?” मामाजींचा आवाज उतरला. “मंग पॅरिस?”

आता हा पॅरिसचा मामला. हार्मोनियम मूळची तिकडचीच, पण तिकडची बहुतेक पायाने भाता मारायची. मांडी घालून बसायचं आणि एका हाताने मागचा भाता मारायचा, ही आपली पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास घडवली. तेव्हापासून खोकं देशात जुळवायचं आणि आतले सूर, म्हणजे रीड, पॅरिसहून किंवा जर्मनीहून मागवायचे, असा धंदा चालला. पुढे गुजरातेतल्या पालिताण्यातही रीड घडू लागले. तेव्हा ‘पॅरिसची पेटी’ म्हणजे खरं तर पॅरिसचे रीड असलेली पेटी. ते बघायचे तर पेटी उघडायला हवी.

मी सांगितलं, “वरचं झाकण आणि जाळी काढा, बाजूचे स्क्रू ढिले करा, पट्ट्यांसकट रीडबोर्ड उचला आणि उलटा ठेवा. रीड खालच्या अंगाला आहेत.”

तासाभराने फोटो आला. फ्लॅश मारलेला. सगळं पितळ उन्हातल्या टिनाच्या छपरासारखं चमकत होतं, अक्षर एक दिसेल तर शपथ. मी म्हटलं फ्लॅश बंद करा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, अगदी जमिनीला टेकवून धरा. तिरपा उजेड पडला की ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि अक्षर वर येतं. मागून मामींचा आवाज आला, “अहो, चिंच लावून घासून देऊ का? समई कशी लख्ख होते!” मी फोनवर एवढ्या जोराने ‘नको’ म्हणालो की आमच्या अंगणातलं कुत्रं उठून गेलं. काळवंडलेलं पितळ हाच तर पुरावा. शिवाय रीडची जीभ आणि तिच्या खालची खाच यांत केसाएवढीच फट असते. त्यात चिंचेचा चोथा अडकला की सूर मुका होतो.

तिसऱ्या खेपेला फोटो जमला. प्रत्येक रीडच्या पट्टीवर बुडाशी सुराचं अक्षर ठोकलेलं होतं. आणि एका पट्टीवर अक्षर होतं एच.

“एच म्हंजे हिंगनघाट!” मामाजी म्हणाले.

इंग्रजी सुरावली ए पासून जी पर्यंत. तिच्यात एच नाहीच. एच असतो जर्मनांकडे. पांढरी एकला सा धरला, तर आपल्या शुद्ध नीला ते एच म्हणतात आणि बी म्हणतात कोमल नीला. शेजारच्या काळीच्या रीडवर बी होताच. फ्रेंचांकडे अक्षरांऐवजी दो-रे-मी चालतं. म्हणजे या रीडांची चाल जर्मन.

“कोनी खोटा ठोकला असन तं?” पुतण्याला आता रस आला होता.

प्रश्न रास्त होता. पण खोटं करणारा गिऱ्हाइकासाठी खोटं करतो. तो ‘मेड इन जर्मनी’ असं दिसेल तिथे, मोठ्या अक्षरात ठोकेल. आतल्या अंगाला, जिथे गिऱ्हाईक जन्मात बघणार नाही तिथे, सात अक्षरांच्या सुरावलीबाहेरचा एच कोण कशाला ठोकेल? शिवाय नंतर ठोकलेलं अक्षर आतून चकाकतं. इथे खाचाही पट्टीइतक्याच काळ्या होत्या.

फक्त वरच्या सप्तकातले चार रीड वेगळे निघाले. पितळ पिवळंधमक, स्क्रूची डोकी निराळी, अक्षरं इंग्रजी पद्धतीची. बाकी जिभांवर टोकाला आणि बुडाला कानशीचे ओरखडे होते. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडे ओरखडे म्हणजे पेटी अनेक हातांनी लावली गेली. या चौघांवर एकही नाही, म्हणजे हे मागाहून बसवलेले. म्हणून एका रीडच्या फोटोवर मी निकाल देत नाही, पूर्ण ओळ मागतो. नेमका तो एच कटून गेला असता, तर पेटी भलत्याच मुलखाची ठरली असती.

मी निकाल सांगितला : खोकं नागपुरात विकलेलं, १९५० नंतरचं, रीड जर्मन धाटणीचे, चार सोडून, जुळवणाऱ्या कारागिराचं नाव फोटोवरून कळणार नाही. पॅरिसशी संबंध नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामाजी हळूच म्हणाले, “भाऊ, तुमचं बरोबरच असन. पन पुन्यतिथीची हँडबिलं छापून आली ना जी. त्यात ‘पॅरिसच्या पेटीवर भजन’ असं लिवलं हाय.”

“मग आता?”

“आता तुमी येजा आन् साथीले बसजा. तुमी पेटीवर बसले तं कोनी इचारनार नाई.”