मार्कर आले म्हणून शेतातली निवड संपत नाही

«मार्कर आले आहेत, आता रोपाचे पान तपासले की निवड झाली, शेतात वर्षानुवर्षे पीक उभे करून वाण निवडण्याचे दिवस संपले,» असा दावा केला जातो. मार्कर म्हणजे जनुकाजवळची, डीएनए तपासून ओळखता येणारी खूण.

सोलापूरच्या रब्बी ज्वारीपुरते बोलायचे, तर मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही पूर्णपणे शेतातल्या निवडीची देणगी आहे. तिच्यात बी-३५ या वाणातील, दाणे भरताना पाने हिरवी ठेवणारा गुण आणायचा असेल, तर मार्करची मदत खरोखर मोठी होते. हा गुण शेतात पाहायचा म्हणजे फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल तुटावी लागते, आणि अवकाळी पाऊस पडला की त्या हंगामातली निवड वाया जाते. मार्करने मात्र रोप लहान असतानाच, संकर करण्याआधी, कोणते रोप ठेवायचे ते कळते.

पण पानातून जनुक दिसत नाही. दिसतो तो त्याच्या शेजारचा मार्कर. दोघांत १० सेंटीमॉर्गन अंतर असेल, म्हणजे एका पिढीत ते एकमेकांपासून सुटण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असेल, आणि एकाच मार्करवर विसंबून पहिल्या संकराच्या एफ१ पिढीपासून मालदांडीशी तिसऱ्यांदा केलेल्या पुनर्संकराच्या बीसी३ पिढीपर्यंत तीन वेळा निवड केली, तर जनुक टिकण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्के राहते. उरलेल्या रोपांत मार्कर आहे, गुण नाही. जनुकाच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर मार्कर घेतले, तर एका पिढीतली ही फसगत शंभरात सुमारे एकावर येते. मात्र दोन मार्करमधला गुणसूत्राचा पट्टा लांब असल्याने बी-३५ मधील नको असलेली जनुकेही सोबत येऊ शकतात.

शिवाय मार्कर कोणत्या गुणाशी जोडलेला आहे, हे आधी शेतातल्या मोजमापांवरूनच ठरते. एकाच संकरातून निघालेल्या शंभरेक वंश-ओळींच्या लहान संचात शोधलेल्या क्यूटीएलचा, म्हणजे गुणावर परिणाम करणाऱ्या गुणसूत्राच्या भागाचा, परिणाम बहुधा फुगलेला दिसतो, आणि दुसऱ्या वाणात तो आणखी घटू शकतो. उत्पादनासारख्या, अनेक लहान जनुकांवर चालणाऱ्या गुणासाठी दोनचार मार्करवर भिस्त ठेवणे मला चुकीचे वाटते. तिथे प्रत्यक्ष उत्पादन मोजणेच अधिक विश्वासार्ह ठरते. खडखड्या रोग, ताटांचे लोळणे, कडब्याचा कस आणि भाकरीची चव यांचाही निकाल शेवटी शेतात आणि घरातच लागतो.

म्हणून या विषयावरील प्रबंधाच्या आराखड्यात बीसी३ च्या स्वपरागणातून दोन्ही प्रकारच्या भगिनी ओळी ठेवाव्यात: बी-३५ चा पट्टा असलेल्या आणि नसलेल्या. त्या कोरड्या आणि पाणी दिलेल्या अशा दोन्ही रानांत, पुनरावृत्तींसह आणि किमान दोन हंगाम पेराव्यात. पट्टा असलेल्या ओळी कोरड्या रानात हिरव्या राहिल्या नाहीत, तर जनुक निसटले असेल किंवा मालदांडीत त्याचा परिणामच होत नसेल. पाणी दिलेल्या रानात त्यांचे दाणे सातत्याने कमी भरले, तर पट्ट्यासोबत नको ते आले असल्याचा संशय घ्यावा आणि पट्टा तोकडा झालेल्या ओळी शोधाव्यात.