पाण्यातलं बाळंतपण आणि सिझर

“पाण्यात बाळंतपण केलं की सिझर टळतं, असं आमच्या सिडकोतल्या ग्रुपवर फिरतंय. खरं का?”

नाही. कळांच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसल्याने दुखणं थोडं सुसह्य होतं, पाठीत सुई टोचून भूल घेण्याची गरज काहीशी घटते. सिझरचं प्रमाण मात्र तेवढंच राहतं. पाणी ३७.५ अंशांपेक्षा गरम नको. बाळ पाण्यातच जन्मलं, तर झटकन वर उचलताना नाळ तुटू शकते. पाणी एकदम लाल झालं की आधी नाळेला चिमटा लावायचा, मग बाकीचं.

सिझर कमी करण्याचा भक्कम पुरावा आहे तो सततच्या सोबतीचा. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, २६ चाचण्या होत्या. कळांत सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझर सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली.

मी लेबर रूममध्ये नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात पंचवटीतली एक पहिलटकरीण आली, सोबत शिकाऊ नर्स असलेली नणंद. तिने वहिनीला झोपू दिलं नाही. कॉटचा कठडा धरून उभं केलं, कळ आली की कंबर दाबायची, ओसरली की चालवायची. उभं राहिल्याने, चालल्याने पहिला टप्पा सरासरी तासाभराहून अधिक लवकर आटोपतो. शेवटी उकिडवं बसून जोर दिला तर चीर देण्याची वेळ कमी येते, पण रक्तस्राव थोडा वाढू शकतो, म्हणून आमचं लक्ष चादरीवर असतं.

सरकारी दवाखान्यातही सोबतीण आत घेता येते. नाव नोंदवतानाच विचारा.